मदत हवी आहे: दिल्लीच्या गाडीला आमच्या स्टेशनवर थांबा मिळवण्यासाठी निवेदन

पलूसकर_७७: निवेदन लिहून तयार आहे, १४०० सह्या झाल्यात. सोमवारी पुण्याला नेऊन द्यायचंय. पत्ता कोणाचा घालायचा आणि मजकूर कसा असावा? कुणाकडे नमुना असेल तर टाका, वेळ कमी आहे.

रुळावरचा: स्टेशन कोणतं? गाडी कोणती? आत्ता तिथे काय काय थांबतं? हे कळल्याशिवाय नमुना देऊन उपयोग नाही.

पलूसकर_७७: कराड आणि सांगलीच्या मधलं छोटं स्टेशन. नाव लिहीत नाही, शेजारच्या गावाचंही निवेदन चाललंय. गाडी गोवा एक्स्प्रेस. खानापूर-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी आणि फौजी असे दोघंही दिल्ली, झाशी, भोपाळला जातात. सगळ्यांना कराड नाहीतर सांगली गाठावं लागतं.

आबा_मिरज: खासदारांचं पत्र जोडा, बाकी कशाची गरज नाही. कागद वरून खाली आला की काम होतं.

रुळावरचा: आबा, अर्धंच बरोबर आहे. पत्राने फाइल हलते, पण ती अभिप्रायासाठी परत विभागाकडेच येते. तिथे दोन शेरे लागतात. वाणिज्य शाखा म्हणते तिकिटं किती खपतील, गाड्या चालवणारी परिचालन शाखा म्हणते गाडीची किती मिनिटं जातील. मेल-एक्स्प्रेसच्या थांब्याचा शेवटचा निर्णय दिल्लीला रेल्वे बोर्डात होतो. या दोन शेऱ्यांची उत्तरं निवेदनात नसतील तर १४०० सह्या असोत की १४,०००, 'व्यवहार्य नाही' एवढंच उत्तर येतं.

पत्ता विभागीय रेल्वे व्यवस्थापक, पुणे यांचा घाला. प्रत खासदारांना आणि मध्य रेल्वेच्या मुख्यालयाला.

सुहास_आयटी: बोर्डिंग स्टेशन ऑनलाइन बदलता येतं की. तिकीट सांगलीचं काढा आणि आपलं स्टेशन टाका.

रुळावरचा: गाडी जिथे थांबतच नाही ते स्टेशन यादीत दिसत नाही. प्रश्न तो नाहीये.

पलूसकर, दोन गोष्टी सांगा. फलाट किती लांब आहे, आणि मुख्य रुळाला लागून आहे की बाजूला वळणाऱ्या लूपच्या रुळाला?

पलूसकर_७७: फलाट चांगला लांब आहे. लूपचं माहीत नाही. त्याचा इथे काय संबंध?

रुळावरचा: सगळा संबंध त्याचाच. एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचा डबा साधारण २४ मीटरचा धरा. २२ डब्यांची गाडी ५२८ मीटर, इंजिन धरून ५५० च्या आसपास. फलाट आखूड असेल तर मागचे डबे खडीवर उभे राहतात. मग पेट्या आणि म्हातारी माणसं घेऊन उतरणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढून तिथेच नकार मिळतो.

लूपचं असं की आत वळताना रूळ बदलायच्या काट्यावर वेग ताशी ३० किमीवर आणावा लागतो, काही जुन्या काट्यांवर १५. निघतानाही शेवटचा डबा काट्याबाहेर पडेपर्यंत वेग घेता येत नाही. ५५० मीटरची गाडी ३० च्या वेगाने सरकायलाच एक मिनिटाहून जास्त जातं. कागदावर थांबा दोन मिनिटांचा दिसतो, पण वेळ कितीतरी जास्त जातो. मुख्य रुळाला फलाट असेल तर हा तोटा बराच कमी होतो, आणि तसं असेल तर ते निवेदनात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

शिरवळचा_नाना: ह्ये समदं कशाला लगा? एक दिवस रुळावर बसा, थांबा मिळतोय का न्हाय बघा.

रुळावरचा: नाना, गाडी अडवली की रेल्वे कायद्याचं कलम १७४ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद. फौजेत भरती होणाऱ्या पोरांच्या नावावर गुन्हा कशाला चढवायचा?

आबा_मिरज: मुद्द्यावर या. माझं म्हणणं, गाडीच चुकीची निवडली आहे. गोवा एक्स्प्रेसचा नंबर १२ ने सुरू होतो, म्हणजे सुपरफास्ट. सरासरी ताशी ५५ किमी राखावी लागते, म्हणून थांबे वाढवायला ते तयार नसतात. महाराष्ट्र एक्स्प्रेस मागा, ती ११ ची आहे.

पलूसकर_७७: महाराष्ट्र एक्स्प्रेस थांबते आमच्याकडे. पण ती गोंदियाला जाते.

रुळावरचा: हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं! तुमचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. गोवा एक्स्प्रेस थांबत नाही, म्हणून तिची तुमच्या स्टेशनची विक्री शून्यच दिसणार, आणि वाणिज्यवाले तेच शून्य दाखवतात. पण मनमाड-भुसावळला गाडी बदलून पुढे जाणारे लोक महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं तुमच्याच स्टेशनवरून काढतात. तो आकडा माहिती अधिकारात मागा. rtionline.gov.in वर अर्ज होतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागणी एवढीच ठेवा: गेल्या १२ महिन्यांत या स्टेशनवरून मनमाड आणि त्यापुढच्या स्टेशनांची किती तिकिटं विकली गेली, महिन्यागणिक, आरक्षित आणि अनारक्षित वेगवेगळी. सोबत, या स्टेशनच्या थांब्याचा प्रस्ताव पूर्वी आला असेल तर त्यावरच्या शेऱ्यांच्या प्रती. जुना नकार कशामुळे झाला हे कळलं की निम्मं काम होतं.

पलूसकर_७७: म्हणजे सोमवारचं बारगळलं की काय.

रुळावरचा: सोमवारी पोहोच घेऊन ठेवायला हरकत नाही, पण अर्धवट कागद गेला तर नकारही लवकर येतो. महिनाभर थांबलेलं बरं. तोवर जे कराड-सांगलीहून चढतात त्यांची जुनी तिकिटं गोळा करा. पीएनआर, तारीख, कुठून कुठे, माणसं किती. सहीपेक्षा त्या तक्त्याला वजन आहे. आसपासच्या गावांचे ग्रामसभा ठराव जोडा, शेजारच्या गावालाही सोबत घ्या. पाच मैलांवरच्या दोन स्टेशनांनी एकाच गाडीसाठी भांडलं की दोघांनाही मिळत नाही.

आबा_मिरज: मग कोल्हापूर–निजामुद्दीन मागा. आठवड्यातून एकदाच धावते, त्यामुळे विरोध कमी होईल. शिवाय ती मध्य रेल्वेचीच गाडी. गोवा एक्स्प्रेस दक्षिण पश्चिमची आहे, त्यांचंही वेळापत्रक बघावं लागणार.

रुळावरचा: तीही १२ चीच, पण मालकी आपल्याच झोनची हा मुद्दा खरा आहे. तरी आठवड्यातून एक दिवस गाडी असून गलाईवाल्यांना काय फायदा? सणाला सगळेच एकदम येतात.

आबा_मिरज: आधी दार उघडू दे, मग रोजची मागा.

पलूसकर_७७: आत्ताच जाऊन आलो. तीस मीटरची टेप तेरा वेळा आणि वर पाच मीटर, म्हणजे ३९५. दोन्ही टोकांचा उतार धरला नाही. फलाट मुख्य रुळाला आहे, मास्तरांनीच सांगितलं. २४ ने भागलं तर १६ डबे बसतात, सहा बाहेर.

रुळावरचा: मुख्य रुळाला आहे हे उत्तम. सहा डब्यांचं निवेदनात लपवू नका. फलाट वाढवण्याची मागणी त्याच कागदात वेगळ्या परिच्छेदात करा. थांबा मिळाला तर बहुतेक सहा महिने प्रायोगिक असेल, आणि नंतर विक्री बघून ठेवायचा की काढायचा ते ठरेल. त्या काळात सवयीने कुणी कराडचं तिकीट काढून कराडलाच चढलं तर तुमचा आकडा तेवढा पडतो. हे गावात आधीच सांगून ठेवा.

सुहास_आयटी: गोवा एक्स्प्रेसचं वेटिंग दिवाळीत कन्फर्म होतं का? १८ नंबर आहे.

पलूसकर_७७: अर्ज आज टाकतो. शेजारच्या सरपंचांशी बोलायला कोण जाणार, हेच ठरत नाहीये.