पॅलाडिन खोटं बोलला तर त्याची शक्ती का जावी?

मांजराकाठी (लातूर): दर रविवारी आमच्या टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालतो, जो तो एकेक पात्र घेतो. मागच्या खेपेला आमचा पॅलाडिन दरोडेखोरांना खोटंच म्हणाला, "पुढच्या गावात कुणी नाही, पटकीनं सगळे मेले." दरोडेखोर परत फिरले, गाव वाचलं. तर जुनी नियमपुस्तकं मांडीवर घेऊन खेळ चालवणारा आमचा डीएम म्हणतो, तुझी शक्ती गेली, घोडाबी गेला. पॅलाडिन म्हणजे शार्लमेनचे बारा सरदार ना? त्यांच्या कथांत असं व्हायचं का? कामून?

खामकाठचा: नाव त्यांचं, नियम त्यांचा नाही. त्यांच्यातल्या रोलाँचं काव्य साधारण ११०० सालचं. त्यात तो मेला तो गर्वापायी. मागची फळी वेढली गेली तरी शिंग फुंकून राजाला बोलवत नाही, ऑलिव्हर विनवतो तरी नाही. शेवटी फुंकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण त्याची कुठली शक्ती काढून घेतली जात नाही, कारण दैवी शक्ती अशी त्याच्याकडे नव्हतीच. (खरी लढाई ७७८ ची, मारणारे बास्क होते. कवीनं त्यांचे मुसलमान केले.)

शक्ती जाण्याचा नियम १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीतला. करिष्मा किमान १७ हवा, पक्ष 'लॉ'चा म्हणजे सुव्यवस्थेचा हवा, आणि एकच केऑटिक, म्हणजे अनागोंदीच्या बाजूचं, कृत्य केलं की पॅलाडिनपद गेलं, पुन्हा कधीच मिळायचं नाही. लॉ विरुद्ध केऑस ही मांडणी पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीत आहे. त्यातला डॅनिश इंजिनियर शेवटी शार्लमेनचाच सरदार ओजिए निघतो. तुमच्या खेळातला जखमा भरून येणारा ट्रोलही तिथलाच. म्हणजे दंतकथा आली खरी, पण विसाव्या शतकातल्या कादंबरीच्या गाळणीतून.

गोदाताई: एवढं फ्रान्सपर्यंत कशाला जायचं, दादा? धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. "नरो वा कुंजरो वा" म्हणाला आणि खाली टेकला. हाच तुमचा पॅलाडिन. आणि विझर्ड मंत्र म्हटला की विसरतो, तो आपला कर्ण. परशुरामाचा शाप!

परभणीचा पोरगा: मी रोग, म्हणजे चोराचं पात्र, खेळतो. भिंतीला भोक पाडायचं होतं, मापाची दोरी नव्हती. मृच्छकटिकातला शर्विलक जानव्यानं माप घेतो, तो दाखला दिला. डीएम खूश झाला, म्हणाला टाक फासा. पडला १. पहारेकरी जागा, मी आत, जानवं बाहेर. शास्त्राधार असूनबी मेलो.

खामकाठचा: 😂 ताई, कर्णाचं मात्र पटत नाही. त्याला अस्त्र आठवत नाही ते ऐन गरजेच्या वेळी, वापरायच्या आधी. विझर्ड मंत्र वापरल्यावर विसरतो. सकाळी ठरावीक मंत्र डोक्यात भरायचे, म्हटला की तो गेला, ही पद्धत जॅक व्हॅन्सच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' मधली. धर्मराजाचं साम्य सुंदर आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

गोदाताई: तुम्ही तर लोककथेलाबी सातबारा मागायला लागलात.

औंढेकर: खामकाठचे, आर्थर राजाच्या लॅन्सलॉटला विसरलात. सगळ्यांत मोठा योद्धा, पण राणीवरच्या प्रेमापायी ग्रेल हे पवित्र पात्र त्याच्या हाती लागत नाही. निष्कलंक गॅलहॅडला मिळतो. पाप केलं की देवाची कृपा अडते, हे तेराव्या शतकातच आहे की!

खामकाठचा: हे मान्य. पॅलाडिनचा स्वभाव रोलाँपेक्षा गॅलहॅडकडेच जास्त झुकतो. तरीही "एका कृत्यात कायमचं गेलं" हा कडकपणा मला कथेचा वाटत नाही, खेळाचा वाटतो. एवढ्या ताकदीच्या पात्राला कुठंतरी वेसण हवीच.

नांदेड४३१: माझाबी पॅलाडिन असाच गेला होता. ॲप काढून परत टाका, लॉगिन केलं की येतो.

मांजराकाठी: नांदेडकर, आमचा कागदावरचा आहे हो 🙏 खामकाठचे, मग डीएमला सांगू काय?

खामकाठचा: दोन गोष्टी विचार. १९७५ च्या शब्दांत बंदी केऑटिक कृत्याला आहे, खोट्याला नाही. गाव वाचवायला मारलेली थाप केऑटिक कशी, ते त्यानं सांगावं. आणि २०१४ च्या नियमांनी खेळत असाल तर शपथ कुठली घेतली ते बघा. डिव्होशनच्या शपथेत खोटं बोलू नये असं सरळ लिहिलंय, तिथं तुमचा गडी अडकतो. व्हेंजन्सची असेल तर त्यात खोट्याला आडकाठी नाही.

मांजराकाठी: विचारलं. शपथ डिव्होशनचीच निघाली 😐 पण गोदाताईंचा रथ डीएमला पटला. शक्ती ठेवली, घोडा गेला. पुढच्या रविवारी पॅलाडिन पायी.

गोदाताई: बघा, फ्रान्सचं कुणी विचारलं का?