कृषी केंद्राची पावती पाहून लवकर सांगावे

काळी_माती (हिंगणघाट तालुका): [पावतीचा फोटो] कृपया ही पावती पाहून सांगावे. संध्याकाळी हिशेबाला बसायचे आहे.

नदीकाठ: आपणास बेरीज तपासून हवी आहे, खर्चाची विभागणी करायची आहे, की दुकानदाराकडे तक्रार न्यायची आहे, हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगावे?

तूर_हरभरा: पावती इंग्रजीत असल्याने अर्थ देतो. युरिया ३ बॅग, दर २६६.५०, डीएपी २ बॅग, दर १३५०, कीटकनाशकाची एक बाटली ६४०, त्याखाली जीएसटी १७५ आणि पेनाने लिहिलेली हमाली ६०. एकूण ४३७४.५०.

काळी_माती: अर्थ मला कळतो. शेत बटईने केले आहे. खत निम्मे-निम्मे आणि फवारणीचे औषध माझे, असे ठरले आहे. मात्र मालक जीएसटीचा वाटा द्यायला तयार नाहीत.

तूर_हरभरा: खतावर ५ टक्के जीएसटी असतोच. खताचे ३४९९.५० होतात आणि त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास १७५. मालकांनी वाटा द्यायलाच हवा.

नदीकाठ: टक्केवारी बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगवर छापलेल्या २६६.५० या किमतीत कर धरलेलाच असतो आणि डीएपीच्या छापील किमतीचेही तसेच आहे. छापील दर लावून वर पुन्हा कर घेतला असेल, तर ते १७५ रुपये मालकांनीही देऊ नयेत आणि आपणही देऊ नयेत. बॅगवरची किंमत पावतीतील दराशी जुळवून पाहा. शिवाय अनुदानित खत पॉस मशीनवर ओळख पटवूनच विकले जाते. त्या मशीनची पावती मागा आणि तिच्यातील बॅगा व रक्कम या बिलाशी ताडून पाहा. फरक निघाला, तर दोन्ही पावत्या घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे जा.

पांढरं_सोनं: माझ्याकडील कपाशीच्या बियाण्याची पावती वर्षभरात कोरी पडली आणि उगवण न झाल्याची तक्रार करताना हातात काही उरले नाही. अशा कागदावरची छपाई उष्णतेने उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढून ठेवा.

तूर_हरभरा: विषय हिशेबाचा आहे, बियाण्याचा नाही.

नदीकाठ: सल्ला मात्र उपयोगाचा आहे. फोटोत खालची कड कापली गेली आहे, त्यामुळे बाटलीचा बॅच क्रमांक व मुदत दिसत नाही. पूर्ण पावतीचा फोटो घेऊन ठेवा.

काळी_माती: बॅगवर २६६.५० आणि १३५० हेच दर छापलेले आहेत. म्हणजे खताचा वाटा प्रत्येकी १७४९.७५ होतो, औषधाचे ६४० माझे आणि १७५ दुकानदाराकडून परत मागायचे. हमाली कोणाकडे धरायची?

तूर_हरभरा: गाडीत माल तुम्ही भरून घेतला, म्हणून ती तुमची.

नदीकाठ: बॅगा मालकांच्याही शेतातच पडल्या ना? हे तुमचे आधी काय ठरले होते, त्यावर आहे.