मदत हवी आहे: आकृतीच नाही, तर नेफ्रॉनचा प्रश्न सोडवायचा कसा?

नलूमावशी
भाची अकरावीला आहे. क्लासच्या झेरॉक्समध्ये मूत्रपिंडाची आकृती आलीच नाही, प्रश्न तेवढा उरलाय: आकृतीतल्या पाच जागांचे नमुने ओळखा. आकडे तीव्रतेचे, मिलिऑस्मोलमध्ये.

नमुना १: प्रथिने आहेत, ग्लुकोज आहे, ३००
नमुना २: प्रथिने नाहीत, ग्लुकोज आहे, ३००
नमुना ३: दोन्ही नाहीत, ३००
नमुना ४: दोन्ही नाहीत, १२००
नमुना ५: दोन्ही नाहीत, १००

पहिला रक्ताचा आणि दुसरा बोमन कॅप्सूलमधला, एवढं जमलं. पुढे गाडी अडली.

राजाभाऊ_निवृत्त
सोपं आहे. पाणी शोषलं जात जातं, म्हणजे द्रव दाटच होत जाणार. ३ मग ४, आणि १२०० म्हणजे लघवी. १०० ही छपाईची चूक, १००० असेल.

विदुला
राजाभाऊ, पाणी शोषलं जातं हे बरोबर, पण सगळीकडे नाही. हेन्लेच्या लूपच्या वर चढणाऱ्या जाड भागात मीठ बाहेर ओढलं जातं आणि पाण्याला मात्र वाटच नसते. मीठ गेलं, पाणी राहिलं, म्हणून द्रव रक्तापेक्षाही पातळ होतो. तोच १००, दूरच्या नलिकेच्या तोंडाशी. चूक नाही.

३ ची गंमत उलटी. पहिल्या वळणदार नलिकेत मीठ आणि ग्लुकोज गेले की पाणीही मागोमाग जातं. दोनतृतीयांश द्रव कमी झाला तरी तीव्रता ३०० च. त्या नलिकेचा शेवट.

दादरकर७
माझ्या वडिलांच्या लघवीत साखर सापडते, रक्तातली मात्र आटोक्यात आहे. मधुमेहाची नवी गोळी सुरू आहे. मग ग्लुकोज दिसलं म्हणजे बोमन कॅप्सूल, हे कसं?

विदुला
काही गोळ्या पहिल्या नलिकेतलं ग्लुकोज परत घेणंच अडवतात, त्यामुळे ते लघवीपर्यंत वाहत जातं. वडिलांची गोळी तीच का, हे डॉक्टरांना विचारा. प्रश्नात 'निरोगी व्यक्ती' हे शब्द हवे होते, हे मात्र खरं.

नलूमावशी
मग ४ कोण? लूपचा तळ म्हणावं, तर तहानलेल्या माणसाची लघवीही १२०० पर्यंत जाते असं भाचीच्या वहीत आहे.

विदुला
तिथे आकृतीवाचून अडतं. दोन्ही उत्तरं चालतील. दर मिनिटाला किती द्रव वाहतो हे दिलं असतं तर सुटलं असतं. गाळून सुमारे १२५ मिली निघतात. तळाशी त्यातले पंचविसेक उरतात, तहानलेल्या माणसाच्या लघवीत १ मिलीसुद्धा नाही. तेही खोलवर उतरणाऱ्या नेफ्रॉनचं बोलतेय. बरेचसे नेफ्रॉन तिथवर पोचतच नाहीत.

राजाभाऊ_निवृत्त
१०० मागे घेतो. पण ४ म्हणजे लघवीच, तळातून नमुना काढणार कोण?

विदुला
उंदरांच्या नलिकांतून बारीक काचेच्या नळीने काढतात हो!

नलूमावशी
४ पुढे दोन्ही उत्तरं लिहायला सांगितलीत. सर एकालाच गुण देतील बहुतेक. मूळ आकृती कोणाकडे आहे का?