मदत हवी आहे: उतारावर रोबो-मोवर तारेपलीकडे घसरतोय, आणि उचलल्यावर पातं थांबायला साडेचार सेकंद लागतात

वैशाली_बेलापूर
नमस्कार मंडळी. आम्ही सीबीडी बेलापूरला पारसिकच्या डोंगरउतारावर राहतो. सोसायटीच्या लॉनसाठी मी स्वतः गवत कापणारा रोबो बनवते आहे. लॉनचा वरचा भाग सपाट आहे, खालचा साधारण सहा मीटर रुंदीचा पट्टा उतरता आहे आणि उतार संपतो तिथे लगेच पायवाट आहे. संध्याकाळी मुलं तिथेच सायकली चालवतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फार गंभीर आहे.

यंत्र ११ किलोचं आहे. मागे दोन चाकं, ती वायपर मोटरवर. पुढे दोन कॅस्टर. मध्ये २० सेंमी व्यासाची ३ मिमी जाडीची लोखंडी डिस्क आणि तिला स्क्रूवर मोकळी फिरणारी तीन छोटी पाती. कटिंगची मोटर २४ व्होल्टची ब्रशवाली, ३००० आरपीएम. लॉनच्या कडेने बाउंडरी वायर पुरली आहे, पायवाटेपासून २५ सेंमी आत. पुढच्या बाजूला उभी कॉइल आहे, तार ओलांडली की सिग्नलची दिशा उलटते आणि यंत्र थांबून मागे वळतं.

अडचणी दोन. पहिली, सपाट भागात ते तारेवर नेमकं थांबतं, पण उतारावर कधी कधी सरळ पायवाटेवर येतं. दुसरी, हाताने उचललं की लिफ्ट स्विच मोटर बंद करतो, पण पातं पूर्ण थांबायला मी मोजले तर साडेचार सेकंद लागतात. शिवाय चढ चढताना हाच स्विच उगाच सुटतो आणि कटिंग बंद पडतं. म्हणून मी सध्या उतारावर त्याला कोडमध्ये बायपास केलं आहे. हे बरोबर नाही हे मला कळतंय. मार्ग सुचवा.

रोहन_आयओटी
ताई, लिफ्ट स्विच काढूनच टाका. एमपीयू-६०५० लावा, २० अंशांपेक्षा जास्त कललं की मोटर बंद. मेकॅनिकल स्विच चिखलाने खराब होतात. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असंच केलं होतं आणि मस्त चालत होतं.

निखिल_नेरूळ
वायरच्या भानगडीत पडूच नका असं मी म्हणेन. आरटीके जीपीएस लावून व्हर्च्युअल कुंपण करा. मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन सेंमीपर्यंत अचूकता मिळते. खोदकाम नाही, वायर तुटणं नाही. फक्त आमच्याकडे दोन टॉवरच्या मधल्या पट्ट्यात फिक्स सुटतो आणि यंत्र जागेवर उभं राहतं, तेवढं सोडलं तर छान आहे.

श्रीधर_टीटीसी
वैशालीताई, कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये माझी तीस वर्षं गेली, तेव्हा आधी एक मोजमाप मागतो. तार ओलांडल्यावर यंत्र किती पुढे जाऊन थांबतं ते टेपने तीन ठिकाणी मोजा: सपाटीवर, कोरड्या उतारावर आणि ओल्या उतारावर. उतार किती आहे तेही सांगा. एक मीटरची पट्टी लेव्हल लावून आडवी धरा आणि खालच्या टोकाशी जमीन किती खाली आहे ते बघा.

रोहन, कलाचा सेन्सर हवाच, पण तो लिफ्ट स्विचची जागा घेऊ शकत नाही. दोन हातांनी यंत्र सरळ वर उचललं तर ते कलतच नाही, पातं मात्र पायाच्या उंचीवर फिरत असतं.

वैशाली_बेलापूर
मोजलं. पट्टीच्या टोकाशी २५ सेंमी, म्हणजे १४ अंश. सपाटीवर तारेपुढे १२ सेंमी जातं, कोरड्या उतारावर १८. पाणी मारून ओल्या केलेल्या उतारावर तीनदा पाहिलं: ५५, ७० आणि ६८.

श्रीधर_टीटीसी
आता दुखणं कुठे आहे ते उघड झालं. तार ओळखण्यात उशीर होत असता तर कोरड्यातही एवढंच पुढे गेलं असतं. कॉइल आणि कोड ठीक आहेत. वायपर मोटरला वर्म गिअर असतो, तो उलटा फिरत नाही. म्हणजे तुम्ही मोटर थांबवलीत की चाकं जाम होतात आणि यंत्र ओल्या गवतावर घसरगुंडीसारखं सरकतं. निखिल म्हणतात ते जीपीएस लावलंत तरी हेच होणार, कारण थांबायचा आदेश वेळेवर पोचतोच आहे.

का सरकतं ते बघा. उताराकडे तोंड असताना वजन पुढे ढकललं जातं आणि मागची चाकं हलकी होतात. किती, हे गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं. तुमचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती अंतर? मागच्या चाकांवर वजन किती, तेही वजनकाट्यावर घ्या.

वैशाली_बेलापूर
अंतर ४० सेंमी. गुरुत्वमध्य अंदाजे १८ सेंमी, यंत्र आडवं तोलून काढला. सपाटीवर मागच्या चाकांवर ६.६ किलो, म्हणजे ६० टक्के. बॅटरी पुढे आहे.

श्रीधर_टीटीसी
१८ भागिले ४०, गुणिले ०.२५. म्हणजे साधारण ११ टक्के वजन उतरताना मागून पुढे जातं. मागे उरलं ४९ टक्के. कॅस्टर मोकळे फिरतात, ते काहीच धरत नाहीत. अख्खं यंत्र धरून ठेवायचं काम त्या ४९ टक्क्यांवर पडतं. उताराची ओढ ०.२५, ती ०.४९ ने भागा: नुसतं उभं राहायला ०.५१ इतकी पकड लागते. कोरड्या गवतावर ती मिळते, ओल्यावर भरवसा नाही.

बॅटरी उचलून मागच्या आसावर न्या. समजा मागे ७५ टक्के झालं, तर उतरताना ६४ उरतं आणि लागणारी पकड ०.३९ वर येते. सोबत चाकांना खोल दातऱ्या लावा. खालच्या कडेची तार मात्र पायवाटेपासून २५ सेंमी ठेवू नका, एक मीटर आत घ्या. तेवढी पट्टी माळ्याने हाताने कापावी. आणि उतार लागला की वेग निम्मा करा, त्यासाठी रोहनचा सेन्सर उपयोगी पडेल.

सुनंदा_घोडबंदर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण वायरचा विषय निघाला म्हणून विचारते. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत घुशींनी बाउंडरी वायर दोन ठिकाणी कुरतडली. तुटलेली जागा कशी शोधायची? सगळं लॉन उकरायला बागवाले तयार नाहीत. आणि तार तुटली असताना यंत्र तसंच कापत सुटेल का, ही भीती वाटते.

श्रीधर_टीटीसी
सुनंदाताई, तार अर्ध्यावर तोडून दोन्ही अर्धे मल्टिमीटरने तपासा. ज्या अर्ध्यात जोड लागत नाही तो पुन्हा अर्धा करा. पाच-सहा वेळांत जागा सापडते. मधले जोड मात्र जेल भरलेल्या कनेक्टरनेच करा, नुसती टेप पहिल्या पावसात जाते. यंत्राबद्दल सांगायचं तर सिग्नल अर्धा-एक सेकंद आलाच नाही तर पातं आणि चाकं दोन्ही बंद व्हायला हवीत. तुमचं यंत्र ट्रान्समीटरचा प्लग काढून तपासून बघा.

रोहन_आयओटी
काका, बॅटरी मागे नेली तर चढताना पुढचे कॅस्टर अजून हलके होतील ना? ताईंचा लिफ्ट स्विच पुढच्या कॅस्टरवर आहे असं दिसतंय. मग तो जास्तच सुटेल.

श्रीधर_टीटीसी
बरोबर पकडलंस. पुढे २५ टक्के होतं, चढताना त्यातलं ११ गेलं, उरलं १४. यंत्र मागे उलटणार नाही, पण मोटरने झटका दिला की कॅस्टरवरचा स्विच सुटणारच. आता कोडमध्ये बायपास करावा लागतो तोही याचसाठी. म्हणून लिफ्ट ओळखायचं काम कॅस्टरवर ठेवूच नका.

वरचं कव्हर चेसिसवर चार रबरी बुशांवर किंवा स्प्रिंगवर तरंगतं ठेवा. माणूस यंत्र उचलतो ते कव्हर धरूनच. कव्हर १०-१२ मिमी वर गेलं की चेसिसवरचे दोन स्विच सुटावेत, एक पुढे, एक मागे. उतारावर कव्हर आणि चेसिस एकत्रच कलतात, त्यामुळे उगाच सुटत नाहीत. कव्हर आडवं सरकलं तर आपटल्याचा सेन्सरही त्यातूनच मिळतो.

कलाची मर्यादा २० अंश ठेवू नका. उतार १४, त्यात खड्ड्यात चाक गेलं की आणखी ७-८. ती ३० च्या आसपास ठेवा आणि रीडिंग थोडं सरासरी काढून घ्या, नाहीतर मोटरच्या कंपनाने नसतं काहीतरी दिसेल.

आता पात्याचं. सगळ्यांत जास्त काळजी मला याची वाटते. ३००० आरपीएमला २० सेंमी डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला ३१ मीटर होतो. रोबो-मोवरच्या आयईसी ६०३३५-२-१०७ मानकात उचलल्यावर पातं २ सेकंदांत थांबणं अपेक्षित आहे. तुमचं साडेचार. डिस्क पाऊण किलोची आहे आणि ती सगळी ऊर्जा हवेच्या विरोधावर हळूहळू संपते आहे. तीच डिस्क ॲल्युमिनियमची केली तर वजन जवळजवळ तिसरा हिस्सा होईल.

दुसरं, मोटर बंद करायचं काम एकट्या मॉसफेटवर सोपवू नका. मॉसफेट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा शॉर्ट होऊन बिघडतो. तेव्हा कोडने शून्य पाठवलं तरी मोटर चालूच राहते. ट्रकचा २४ व्होल्टचा पाच पिनांचा ४० ॲम्पिअर रिले घ्या. ३० नंबरला मोटरचा प्लस, ८७ ला बॅटरी, आणि ८७-ए वरून १ ओहम ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर मोटरच्या मायनसला. रिलेची कॉइल बॅटरीवरून लाल बटण, दोन्ही लिफ्ट स्विच आणि शेवटी कंट्रोलरचा ट्रान्झिस्टर अशी एकाच ओळीत. यातलं काहीही सुटलं की रिले पडतो, बॅटरी तुटते आणि फिरती मोटर त्या रेझिस्टरवर वीज ढकलत स्वतःलाच ब्रेक लावते. कोडचा त्यात काही संबंध उरत नाही. रेझिस्टर न लावता मोटर थेट शॉर्ट करू नका, कॉन्टॅक्ट चिकटेल.

निखिल_नेरूळ
ब्रशलेस मोटर असेल तर हे चालेल का? माझी ब्रशलेस आहे.

श्रीधर_टीटीसी
असंच्या असं नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ब्रेकची सोय आहे का पाहा. पण ड्रायव्हरची वीजच तोडलीत तर तो ब्रेकही जातो. यावर खात्रीचा उपाय मी स्वतः केलेला नाही, कोणी केला असेल तर लिहा.

वैशाली_बेलापूर
आठ दिवसांनी लिहिते आहे. बायपासची ओळ कोडमधून काढली. बॅटरी मागे नेली, मागच्या चाकांवर आता ८.१ किलो आहे. रिले आणि रेझिस्टर लावला. जुन्या लोखंडी डिस्कवर पातं २.२ सेकंदांत थांबलं, म्हणजे तरी काठावरच. ॲल्युमिनियमची डिस्क रबाळेला कापून घेतली, तिच्यावर पाच वेळा मोजलं, प्रत्येक वेळी एक सेकंदाच्या आत.

ओल्या उतारावर तारेपुढे आता ३० ते ३५ सेंमी जातं. तार एक मीटर आत घेतली आहे. तरंगतं कव्हर अजून व्हायचं आहे, स्प्रिंग किती कडक घ्यावी ते कळत नाही. मऊ घेतली तर खड्ड्यातून जाताना कव्हर उडतं आणि स्विच सुटतो. ते जमेपर्यंत यंत्र फक्त सपाट भागावर चालवते, आणि तेही दुपारी, मुलं शाळेत असताना.

श्रीधर_टीटीसी
कव्हरचं वजन किती आहे?

वैशाली_बेलापूर
१.४ किलो, फायबरचं.

श्रीधर_टीटीसी
मग कव्हर वजनावर बसू द्या आणि चारही कोपऱ्यांना ते खाली ओढणाऱ्या हलक्या स्प्रिंग लावा. सगळ्या मिळून पाऊण किलोच्या आसपास ताण पुरावा. म्हणजे उचलणाऱ्या हाताला दोन-सव्वादोन किलोचा जोर लावावा लागेल, आणि यंत्र ११ किलोचं असल्याने कव्हर नेहमी चेसिसच्या आधी उठेल. खड्ड्याचं मात्र प्रत्यक्ष चालवूनच कळेल. करून बघा आणि आकडे इथे टाका.