आष्टीकर कुटुंब ग्रुप – मेंढ्यांच्या उवा अन् फवारणी

विठ्ठल: राम राम सगळ्यांना. सुरेखाताई जागी हैस का? आपल्या मेंढ्या आठ-दहा दिवसांपासून खांबाला, भिताडाला अंग घासायल्यात अन् बसल्या जागी लोकर तोंडानं उपटायल्यात, कातरणी होऊन पंधरा दिवस झाले तरी थांबंना. दुकानदार म्हनतो इंजेक्शन मारा एका दमात सगळं जाईल, आण्णा म्हनतेत हौद भरून बुडवा. काय करावं?

सुरेखाताई: आधी किडा कोणता ते बघ मग औषध. उन्हात एक मेंढी धर, खांद्यावर, बरगडीवर, पुठ्ठ्यावर दहा-बारा ठिकाणी लोकर दोन्ही हातानं फाकव अन् कातडीजवळ बघ काय पळतंय. फोटो टाक.

विठ्ठल: फोटो टाकलाय. बारीक पिवळट तांबूस, ज्वारीच्या कोंड्यासारखे हायत, उजेड पडला की लोकरीत घुसायलेत.

सुरेखाताई: उवा हायत. कातडी कुरतडणाऱ्या, रक्त पिणाऱ्या नाहीत, म्हणून दुकानदाराचं इंजेक्शन कामाचं नाही. ते रक्तातून जातं, अन् ही ऊ रक्त पितच नाही, तिला औषध पोचणार कसं. पैसे गेले अन् खाज तशीच, असं गावोगाव बघितलंय मी.

आण्णा: आमच्या काळी बिनपंखाची तपकिरी माशी असायची लोकरीत, ती न्हाई ना ही?

सुरेखाताई: नाही आण्णा, ती ऊवेपेक्षा बरीच मोठी असते, नुसत्या डोळ्यानं सहा पाय दिसतेत अन् लोकरीला तांबडे कोष चिकटलेले राहतेत. थंड मुलखात जास्त, आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. दिसलीच तर औषध तेच चालतं, पण कोषातून माशी निघायला तीन आठवडे लागतेत म्हणून दुसरी फवारणी चार आठवड्यांनी करावी लागते. विठ्ठल, कुठं खपली हाय का? खपलीच्या कडंला ओलसर पिवळं, तिथली लोकर झडलेली?

विठ्ठल: न्हाई, कातडी साफ हाय, नुसत्या लोकरीच्या बटा लोंबायल्यात.

सुरेखाताई: मग खरजेचा किडा नसावा. तो असता तर फवारणीवर भागलं नसतं, तो खपलीखाली राहतो, त्याला पूर्ण बुडवून एक मिनिट आत ठेवावं लागतं अन् डोकं दोनदा दाबून काढावं लागतं, दहा दिवसांनी परत तसंच. आण्णांचा हौद त्याच्यासाठी. शंका आली तर खपलीच्या कडंचं खरवडून दवाखान्यात नेऊन दाखव, मधलं खरवडू नको, किडा कडंला असतो.

आण्णा: पण हौदात बुडवलं म्हंजी कुठली जागा सुटत न्हाई.

सुरेखाताई: खरंय. पण हिशोब बघा. आपला हौद चार फूट लांब, अडीच फूट रुंद, पाणी दोन फूट, म्हणजे 20 घनफूट, म्हणजे 566 लिटर. लिटरला 2 मिली धरलं तरी 1 लिटर 130 मिली औषध नुसतं भरायलाच. एवढं 60 मेंढ्यांसाठी कशाला? परत लोकर औषध शोषून घेती, हौदातलं पाणी कमी होतं पण औषध त्याहून जास्त कमी होतं, नुसतं पाणी ओतत राहिलं की शेवटच्या मेंढ्या गढूळ पाण्यानं आंघोळ केल्यासारख्या! भर घालताना बाटलीवर वाढीव प्रमाण लिहिलेलं असतं ते घ्यावं लागतं. ताज्या कातरलेल्या मेंढीला फवारणी पुरते.

विठ्ठल: मग फवारणीचं सांग. दुकानात डेल्टामेथ्रिनची बाटली दिली, मागं 12.5 मिलिग्रॅम प्रति मिली लिहिलंय. एका पंपाला दोन झाकणं टाकू का?

सुरेखाताई: झाकण नको!! झाकण बाटलीबाटलीला वेगळं. लहान पोराला औषध पाजायची मापाची सिरिंज आण, मग ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. हे औषध लिटरला 2 मिली, म्हणजे पाण्यात लिटरला 25 मिलिग्रॅम पडतं. 15 लिटरचा पंप असेल तर 30 मिली. एका मेंढीला अडीच लिटर तरी लागतं, म्हणजे पंपाला सहा मेंढ्या, 60 मेंढ्यांना दहा पंप, सगळं मिळून 300 मिली. पंप सहाच्या जागी दहा-बारा मेंढ्यांना पुरला तर समज कातडीपर्यंत गेलंच नाही, नुसती वरची लोकर ओली झाली.

विठ्ठल: अन् शेतातल्या कीटकनाशकाची अर्धी बाटली पडलीय घरी, ती?

सुरेखाताई: नको रे बाबा. ती पिकासाठी हाय, ताकद वेगळी, आतलं द्रावण वेगळं, जनावराच्या कातडीला भाजतं. अन् तणनाशकाचा पंपपण वापरू नको, कितीही धुतला तरी. शेजारच्याकडं कोरा असेल तर माग.

मंगलवहिनी: ताई हे हातमोजे न घालता करतेत बघा, कालवायला काठी पण घेत न्हाईत हातानंच ढवळतेत

सुरेखाताई: वहिनी खरा धोका तिथंच हाय, मेंढीवर पडणारं पाणी पातळ असतं, बाटलीतलं घट्ट. बाटली उघडताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्या, डोळ्याला गॉगल. तोंडाला ओलं उपरणं गुंडाळू नका, ते औषध धरून ठेवतं, मास्क घाला. पाणी आधी अर्धा पंप, मग औषध, मग उरलेलं पाणी, काठीनं ढवळा. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा. तंबाखू-चुना खिशातून काढून घरी ठेवा, हात धुवायच्या आत तोंडाला गेला की झालं. गरोदर बाईनं अन् पोरांनी गोठ्याकडं यायचं नाही त्या दिवशी.

विठ्ठल: चेहरा जळजळतो कधीकधी, तेच का?

सुरेखाताई: तेच. झिणझिण्या, जळजळ म्हणजे कातडीला लागलं. काम थांबव, गार पाण्यानं साबण लावून धू, गरम पाणी नको. डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा. पोटात गेलं, चक्कर आली, हातपाय थरथरले तर उलटी करायला लावू नका, 108 ला फोन, बाटली सोबत न्या.

विठ्ठल: कधी करू? उद्या सकाळी?

सुरेखाताई: सकाळी दहाच्या पुढं, ऊन चांगलं पडल्यावर, चार वाजायच्या आत वाळली पायजे, थंडी हाय. आधी पाणी पाजून घे म्हणजे अंगावरचं चाटणार न्हाईत. कातरताना लागलेल्या जखमा भरल्यात का बघ, ओल्या असतील त्या मेंढीला आठ दिवस थांब. नोझल अंगाजवळ धर, लोकरीच्या उलट दिशेनं, पोट, काखा, मान, शेपटीखाली सगळीकडं. तोंडावर फवारू नको, कापडानं पुस. पिल्लं दूर ठेव, आयांचं अंग अन् कास वाळल्यावर पुसूनच प्यायला सोड. अन् विकायची असेल तर बाटलीवर मटणासाठी किती दिवस थांबायचं लिहिलंय ते वाच.

आण्णा: एकदाच करायचं ना?

सुरेखाताई: न्हाई. लिखा मरत न्हाईत, त्यातून दहाएक दिवसांनी पिल्लं निघतेत. म्हणून 14 दिवसांनी परत तेवढंच, सगळ्या मेंढ्यांना, एकही राहिली की परत सगळीकडं. विठ्ठल, तुझ्या कळपासोबत चरायला जाणाऱ्या शेजारच्या कळपाचं पण त्याच दिवशी बोलून घे. नवीन मेंढी आणली की दोन्ही फवारण्या होईपर्यंत वेगळी बांध.

मंगलवहिनी: उरलेलं पाणी कुठं टाकू? शेततळ्याच्या कडंला टाकलं तर चालंल का, तिकडं उतार हाय

सुरेखाताई: वहिनी अजिबात नको! डेल्टामेथ्रिननं मासे मरतेत, शेततळं, विहीर, ओढा ह्याच्यापासून लांब कोरड्या पडीक जमिनीत टाका. उरूच नये म्हणून शेवटचा पंप आहेत तेवढ्याच मेंढ्यांचा मापून कालवा, चार राहिल्या तर 10 लिटरला 20 मिली. पंप तीन पाण्यानं धुवा, तेही पाणी तिथंच. कपडे बाकीच्यांबरोबर भिजवू नका, वेगळी बादली. रिकामी बाटली भोकं पाडून ठेवा, पाणी भरायला कुणी नेऊ नये.

विठ्ठल: झालं, सिरिंज अन् मोजे आणतो. पंप शेजारचा मिळतोय, 16 लिटरचा हाय.

सुरेखाताई: मग 32 मिली, 30 न्हाई.

विठ्ठल: 👍