मदत हवी आहे: सहा तासांनंतरही ऑक्सिजनची गरज वाढत असलेले बाळ

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात 35 आठवड्यांच्या बाळाचा जन्म कळा सुरू होण्यापूर्वीच सिझेरियनने झाला असून आईला मधुमेह आहे. गर्भजल स्वच्छ होते आणि बाळाच्या नाळेवर किंवा नखांवर हिरवट डाग नव्हते, त्यामुळे मेकोनियम श्वासनलिकेत गेल्याची शक्यता मी बाजूला ठेवली आहे. या वयात ती तशीही विरळच.

जन्मल्यावर श्वासाची गती मिनिटाला 78 होती. पहिल्या तासातील एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या आडव्या फटीत द्रव दिसल्याने फुफ्फुसातील पाणी शोषले जाण्यास उशीर होत आहे, म्हणजेच तात्पुरता जलद श्वास आहे, असे मी धरले. मात्र अशा बाळाची ऑक्सिजनची गरज काही तासांत उतरणीला लागते; येथे 6 सेंटिमीटर दाबाचे सीपॅप असूनही ती सहा तासांत 25 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर गेली आहे. प्रत्येक उच्छ्वासाला कण्हण्याचा आवाज येतो आणि छातीच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. आईच्या मधुमेहामुळे सर्फॅक्टंट उशिरा तयार होते, ही बाब मला अधिक खटकते.

संसर्गाची शक्यता गृहीत धरून रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविके सुरू केली आहेत. एक्स-रे पुन्हा काढून फुफ्फुसे लहान व धूसर दिसतात का, हे पाहीपर्यंत थांबावे, की 30 टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे म्हणून सर्फॅक्टंटसाठी बाळाला सीपॅपवरच तातडीने जिल्हा रुग्णालयात हलवावे? नवजात विभागातील अनुभवी डॉक्टरांनी कृपया लवकर सांगावे.