आंबट दह्याची कढी: बेसन आधी का, गॅस मंद का

मीनल (बी-204): काकू, काल लाइट गेली त्यात अर्धा किलो दही फार आंबट होऊन बसलंय. टाकून द्यायचं जिवावर येतं. पकोड्यांची कढी होईल का याची? फाटेल म्हणून धास्ती वाटते.

सुमनकाकू (ए-101): वास नुसता आंबट आहे ना? बुरशी, रंगीत डाग किंवा कडूपणा नसेल तर तेच कढीचं दही. गोड दह्याची कढी पांचट लागते. इथे इंदूरला उन्हाळ्यात मुद्दाम कुणी आंबवायलाही लागत नाही.

अजिंक्य (सी-402): पार्किंगमध्ये निळी ॲक्टिव्हा कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

सुमनकाकू (ए-101): मीनल, माप लिहून घे. अर्धा किलो दह्याला बेसन साधारण 60 ग्रॅम, म्हणजे सहा-सात सपाट मोठे चमचे, चाळून. पाणी सव्वा लिटर. दही फार आंबट असेल तर दीड लिटरपर्यंत जा. आधी थंड दह्यातच बेसन आणि हळद घालून रवीने घुसळ, एकही गुठळी नको, मग पाणी. नुसतं दही तापवून त्यात वरून बेसन घालायचं नाही.

वंदनाताई (ए-303): एवढं बेसन? आमच्याकडे रत्नागिरीला ताकाच्या कढीला लिटरभर ताकात चमचा-दीड चमचा बेसन लावतात, एक उकळी येते असं वाटलं की गॅस बंद. जास्त उकळली की फाटते. तुम्ही लोक तासभर कशी काय रटरटवता?

सुमनकाकू (ए-101): रटरटवत नाही गं, मंद शिजवतो. आणि फाटत नाही. का ते प्रभाकरकाका सांगतील, त्यांची केमिस्ट्री कधीपासून शिवशिवत असेल.

प्रभाकरकाका (सी-301): आलो. दोघींचंही बरोबर आहे, कारण या दोन वेगळ्या कढ्या आहेत.

आधी फाटणं म्हणजे काय ते बघा. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन सामू 4.6 च्या आसपास एकमेकांना चिकटायला लागतं. विरजणाने आम्ल वाढतं आणि तेच होतं, म्हणून दही लागतं. म्हणजे दह्यात प्रथिनाची जाळी आधीच तयार आहे, फक्त ती सैल आहे आणि पाणी धरून बसली आहे. नुसतं दही तापवलं की जाळी आकसते, पाणी पिळून बाहेर पडतं आणि कण घट्ट होतात. वर हिरवट पाणी, खाली रवाळ साका.

बेसनात स्टार्च भरपूर असतो. साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पातळ भाग दाट होतो. त्या दाटपणात केसिनचे कण एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, सुटे राहतात. बेसन आम्लपणा अजिबात कमी करत नाही, फक्त मध्ये उभं राहतं. म्हणून ते थंड दह्यातच हवं: दही आकसायच्या आत बेसन फुगलेलं पाहिजे. दही तापल्यावर घातलं तर उशीर झालेला असतो, वर गुठळ्या होतात ते वेगळंच.

मीनल (बी-204): मग पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळा म्हणतात ते कशाला? माझी आई तर एकाच दिशेने ढवळ म्हणते.

प्रभाकरकाका (सी-301): दिशेचं काही नाही, हात थांबायला नको एवढंच. न फुगलेलं बेसन जड असतं, तळाशी बसतं. तिथे ते लागतं आणि वरचं दही बिनबेसनाचं राहतं, तेच फाटतं. एकदा फुगलं की ते आपोआप तरंगत राहतं, मग अधूनमधून पळी फिरवली तरी चालतं.

वंदनाताई (ए-303): हे पटलं. पण माझ्या कढीला एका उकळीत भागतं, यांच्या कढीला का नाही?

प्रभाकरकाका (सी-301): तुमच्याकडे बेसन इतकं कमी की त्याचा कच्चटपणा जिभेला कळत नाही. पण तेवढं बेसन फार वेळ उकळी सोसूही शकत नाही, म्हणून तुम्ही वेळेत गॅस बंद करता ते बरोबर. इथे 60 ग्रॅम आहे. संरक्षण भक्कम, पण ते बेसन आता शिजवावं लागणार.

आणि इथेच आंबट दही आडवं येतं. बेसन म्हणजे दळलेली डाळच. तिच्या बारीक कणात स्टार्च पेशींच्या भिंतीत अडकलेला असतो, आणि आम्लात त्या भिंती लवकर मऊ होत नाहीत. तुरीच्या डाळीत चिंच आधीच घातली तर डाळ शिजता शिजत नाही, तसंच हे. त्यामुळे फुगणं पाच मिनिटांत झालं, कढी दाटही दिसली, तरी आतून बेसन कच्चंच असतं. दाट झाली म्हणून उतरवली की घशाशी कच्च्या डाळीची चव राहते.

सुमनकाकू (ए-101): बरोबर. पहिल्या उकळीनंतर गॅस अगदी बारीक, मध्ये एखादा बुडबुडा येईल एवढाच, आणि 40 मिनिटं तरी. खोल, जाड बुडाचं पातेलं घे, झाकण अर्धवट. फेस वर येतो, नजर हटली की ओट्यावर. मोठ्या गॅसवर पाणी आधी उडतं, बेसन शिजायचं राहून जातं, खाली करपतं. मध्ये दाट वाटली तर उकळतं पाणी घाल, गार नको.

झाली कधी ते वासावर कळतं. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, तो जाऊन भाजल्यासारखा खमंग वास सुटतो. वरचा पांढरा फेस बसतो. स्टीलच्या ताटलीत थेंब टाकून बघ: कडेने पाणी वेगळं पळालं तर अजून व्हायची आहे.

मीनल (बी-204): आणि मीठ?

सुमनकाकू (ए-101): शेवटी. आटल्यावर आधीचं मीठ जास्त होतं. पकोडे उतरवायच्या दहा मिनिटं आधी टाक, ते पाणी पितात, म्हणून तोवर कढी जराशी पातळच असू दे. मेथीदाणा, हिंग, लाल मिरचीचा तडका वरून.

अजिंक्य (सी-402): पण एवढं उकळून आंबटपणा जातो का?

प्रभाकरकाका (सी-301): नाही. लॅक्टिक आम्ल वाफेबरोबर उडत नाही. उलट पाणी आटेल तशी कढी आंबटच होते. कमी करायची तर पाणी वाढवा. गुळाने नुसती जिभेची समजूत निघते, जी वाईट गोष्ट नाही.

अजिंक्य (सी-402): आणि एवढं करून फाटलीच तर?

सुमनकाकू (ए-101): गॅस बंद, जरा निवू दे. दोन चमचे बेसन गार पाण्यात कालवून घाल, रवीने किंवा मिक्सरने घुसळ आणि पुन्हा मंद आचेवर ठेव. कण बारीक होतात, खायला चालते, पण मूळची मऊ कढी परत येत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं मोबाइल दूर ठेव.

मीनल (बी-204): उरली तर दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा होते, ती?

सुमनकाकू (ए-101): आधी गरम पाणी घालून पळीने सैल कर, मग मंद गॅसवर ढवळत तापव. पकोडे आधी काढून ठेव, नाहीतर विरघळतात. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्ये गार राहतं, मी नाही ठेवत.